तळाचा वास

कर्जतच्या बाजारात छाया ठोंबरेचं नाव काढून बघा. ऐकणाऱ्यांतले निम्मे हसतात, निम्मे तोंड वाकडं करतात. हसणारे तिच्याकडून सेंट घेऊन गेलेले असतात. तोंड वाकडं करणारे घ्यायला गेले आणि बोलणी खाऊन रिकाम्या हाती परत आले, ते. मधला कोणी भेटायचा नाही.

बोलणी कशाबद्दल, तर पहिल्या फवाऱ्यावर सेंट पसंत केल्याबद्दल. गिऱ्हाइकाने बाटलीचं टोपण काढायचं, हुंगायचं, ‘वा, मस्त, हीच द्या’ म्हणायचं, की छायाचं डोकं सणकलंच. ती त्याच्या मनगटावर एक फवारा मारायची आणि बाटली मागे ठेवून द्यायची. “आता जा. भाजी घ्या, बँकेत जाऊन या. तासाभराने हुंगा आणि तेव्हाही आवडला तर या.” लग्नाच्या खरेदीला आलेल्या घाईच्या बायकांना हे सांगून बघा म्हणजे कळेल. काही जणी तासाभराने यायच्या. बऱ्याच जणी शेजारच्या दुकानात जायच्या.

दुकान तिचं नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो. कटलरीचं दुकान, बांगड्या, टिकल्या, पावडरी, क्लिपा. दोघा भावांनी मिळून काढलेलं. थोरला, म्हणजे छायाचा नवरा, सात वर्षांपूर्वी गेला आणि दुकान आपोआप धाकट्या रूपेशचं झालं. दाराजवळचा हातभर लांबीचा सेंटचा काउंटर तेवढा त्याने वहिनीला सोडला, तोही चार लोकांच्या तोंडाकडे बघून. त्या काउंटरला मोबाइलची कव्हरं लावली तर किती खपतील हे तो तिला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा. छाया ऐकून घ्यायची. बावन्नाव्या वर्षी तिच्याकडे दुसरी जागा नव्हती, आणि नाक सोडलं तर दुसरी विद्याही नव्हती.

नाक मात्र खरंच विद्येचं. खालापूरच्या बाजूला सुवास तयार करणारा एक कारखाना होता, तिथे तिने सोळा वर्षं काढली. आधी वजनकाट्यावर, थेंब थेंब मोजून द्यायला. पुढे तपासणीच्या खोलीत. तिथे कागदाच्या बारीक पट्ट्या मालात बुडवून चिमट्यात अडकवायच्या आणि ठरल्या वेळी हुंगायच्या. आत्ता, पंधरा मिनिटांनी, तासाने, दुपारी, घरी जाताना. पट्टीवर पेन्सिलीने वेळ लिहायची. छाया दहावी नापास, पण साहेब लोक तिच्या नाकाला विचारल्याशिवाय पिंप पुढे सोडत नसत. कारखाना बंद पडला तेव्हा साहेब लोक दुसरीकडे गेले. नाकाला कोणी बोलावलं नाही.

सुवासाचे तीन टप्पे ती गिऱ्हाइकांना आपल्या भाषेत सांगायची. आधी येतो तो वरचा, टॉप म्हणतात त्याला. लिंबू, संत्रं, पुदिना, असली हलकी मंडळी. दाराशी येऊन हाक मारतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पसार होतात. मग मधला. गुलाब, मोगरा, वेलदोडा, तो तास-दोन तास घरात बसतो, गप्पा मारतो. आणि शेवटी तळाचा, बेस. चंदन, वाळा, मस्क म्हणजे कस्तुरी, राळ, लाकूड. जड माल. तो सावकाश उडतो, म्हणून संध्याकाळपर्यंत अंगावर राहतो तो हाच. “तुम्ही लग्न दारात हाक मारणाऱ्याशी लावता काय?” असं ती विचारायची. कॉलेजच्या पोरी फिदीफिदी हसायच्या.

खोक्यावरचं वर्णनही ती वाचायला शिकवायची. त्यावरची नावं म्हणजे आत घातलेल्या वस्तूंची यादी नव्हे, वास कशाची आठवण देईल एवढंच ते सांगतं. चंदन लिहिलंय म्हणून चंदनाचं झाड पिळलेलं नसतं. ज्याच्या वर्णनात सगळं लिंबू, सागरी वारा, हिरवं गवत, आणि तळाला धड काही नाही, तो आंघोळीनंतर मारायला छान, दिवसभरासाठी घेऊ नका. बॉडी मिस्ट लिहिलं असेल तर माल पातळ, लवकर जाणार. आणि कितीही गोड लिहिलेलं असलं तरी वाचून फक्त निवडायचं, विकत घ्यायचं ते हुंगूनच.

हे शेवटचं वाक्य ती स्वतः एकदा विसरली.

एप्रिलच्या सुरुवातीला धोंडूबाई काउंटरशी आली. कोंडाणे लेण्यांच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथली ही म्हातारी. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं टोपलीत भरून स्टेशनच्या रस्त्याला बसते. सोबत नात होती, आवडी. बारावी झालेली, अंगात एका रिसॉर्टचा निळा गणवेश. पंधरा दिवसांपूर्वी ती तिथे पाहुण्यांच्या नोंदी करायला लागली होती. काय हवं ते म्हातारीनेच सांगितलं.

“तिथली म्याडम बोलते, तुझ्या अंगाला धुराचा वास येतो. पाव्हन्यांसमोर उभी राहू नको. आता चूल हाय घरात, तर धूर यायचाच. दिसभर ऱ्हाईल असं काय तरी दे, बाय. सकाळी सातला निघते, सांजला येते.”

छायाला त्या मॅडमचा संताप आला. त्याच मॅडमच्या रिसॉर्टात ‘जळक्या लाकडाचा सुगंध’ असं लिहिलेल्या मेणबत्त्या लावतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाकडाचा धूर मेणबत्तीतून आला की सुगंध, आणि गरिबाच्या पोरीच्या केसांतून आला की वास. ती हे मोठ्याने बोललीही. मग तिने मनापासून शोधून एक बाटली काढली आणि खोकं आवडीला वाचायला दिलं. आवडीने हळू आवाजात वाचलं, वर लिंबू आणि संत्रं, मध्ये मोगरा, तळाला वाळा, चंदन, मस्क.

“हे घे. तळ भक्कम आहे. संध्याकाळपर्यंत हलणार नाही, माझा शब्द,” छाया म्हणाली. हा सेंट तिने वर्षभरापूर्वी स्वतः पट्टीवर तपासलेला होता. खोक्यातली बाटली मात्र नव्या मालातली होती, रूपेशने गेल्या महिन्यात मुंबईहून आणलेल्या. नाव तेच, खोकं तेच, वर्णन तेच. छायाने मनगटावर फवारा मारला नाही, तासाभराने या म्हटलं नाही. आवडीला गाडी गाठायची होती, आणि शब्द तर देऊन झाला होता.

आठ दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला धोंडूबाई परत आली. एकटीच, डोक्यावर करवंदांची टोपली. टोपली तिने दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि कमरेची बाटली काढून काउंटरवर आपटली. दुकानात चार-पाच बायका होत्या.

“फसवलंस तू आमाला.”

छायाच्या कपाळावरची शीर उठली. “काय फसवलं?”

“सकाळी मारलं का घमघमाट. पोरगी टेसनावर पोचते तोवर अर्धा. दुपारच्याला काय नाय, पुन्ना धूरच. म्याडम काल तिला सगळ्यांसमोर मागं जाऊन बस बोलली.” म्हातारीने बोटाने बाटलीवर टकटक केलं. “माझ्या नातीनं वाचलं तवाच मला समजायला पायजे होतं. वर लिंबू, तळाला दुसरंच. टोपलीत आमी पन तेच करतो. वर टपोरी रचायची, खाली चिरडलेली. तुमचा तर कागदावर लिवून धंदा.”

बायकांपैकी एक जण खुदकन हसली. त्या हसण्याने घोटाळा केला. वाद नुसता धोंडूबाईशी असता तर छाया कदाचित खाली बसली असती, पाणी दिलं असतं, समजावलं असतं. पण आपल्या विद्येला कोणी टोपलीतली लबाडी म्हणावं आणि वर लोकांनी हसावं, हे तिला सोसवेना.

“टोपली आणि हे एक नाही, आजी! बाटलीत वर-खाली काही रचलेलं नसतं, सगळं एकजीव असतं. हलकं आधी उडतं, जड मागून उडतं, म्हणून वरचा आणि तळाचा म्हणायचं. कळत नसेल तर विचारावं माणसाने.”

“मंग तळाचं उडून गेलं का राह्यलं? मला तर काय लागंना.”

“तुम्हाला लागणार नाहीच.” आणि इथे छाया जे बोलली ते ती मरेपर्यंत विसरायची नाही. “मस्क काही काही नाकांना कळतच नाही. आणि जन्मभर चुलीच्या धुरात बसून नाक मेलंय तुमचं. नाक मेलेल्या माणसाने सेंटचा तंटा करू नये.”

धोंडूबाईने वर बघितलं, खाली बघितलं आणि पायरीवर टोपलीशेजारी बसली.

“बरं,” ती म्हणाली. “नाक मेलंय तर मेलंय. तुझं जितं हाय ना? दाव मग तळ. मी हितनं हलत नाय.”

छायाने आव्हान घेतलं. घेतलं कसलं, झडप घातली. ड्रॉवरमधून कागदाच्या पट्ट्या काढल्या. एका पट्टीवर तिच्या जुन्या, गेल्या वर्षीच्या नमुन्याच्या बाटलीतला फवारा. दुसरीवर धोंडूबाईच्या बाटलीतला. दोन्हींवर वेळ लिहिली, दहा वाजून दहा मिनिटं, आणि चिमट्याने आरशाच्या कडेला लावल्या. दोन्ही पट्ट्या बायकांच्या नाकाखालून फिरवल्या. लिंबू, संत्रं, अगदी सारखं. “बघा,” छाया म्हणाली, “आहे का फरक?” नव्हता.

सव्वादहाच्या पुढे सरकला काटा. दोन्हींमधलं लिंबू गेलं, जायचंच होतं. पावणेअकराला छायाने पट्ट्या हुंगल्या. जुन्यावर मोगरा भरात होता. नव्यावर मोगरा होता, पण पाण्यात धुतल्यासारखा. ‘ऊन आहे,’ तिने मनाशी म्हटलं, ‘उन्हात लवकर उडतो.’ पण ऊन दोन्ही पट्ट्यांना एकच होतं, हेही तिला त्याच क्षणी समजलं.

तोवर रूपेश आला. वहिनीच्या काउंटरशी म्हातारी ठाण मांडून बसलेली, बायका खरेदी सोडून उभ्या, हे बघून त्याने आवाज खाली आणला. “वहिनी, हे काय लावलंय? द्या तिला दुसरी काहीतरी बाटली आणि घालवा.”

“थांबा भावजी. माझ्या शब्दाचा प्रश्न आहे.”

साडेअकराला तिने जुनी पट्टी उचलली. वाळा. खाली चंदन, त्याच्याही खाली मस्कची ऊब, नुकत्याच वाळलेल्या कपड्यासारखी. तिने नवी पट्टी उचलली. कागद. नुसता कोरा कागद. तिला वाटलं नाक थकलं असेल. ती रस्त्यावर गेली, चार श्वास घेतले, स्वतःच्या ब्लाउजची बाही हुंगली, कारखान्यात नाक ताजं करायला हुंगायची तशी, आणि परत आली. पुन्हा कागद. ज्याने ही नक्कल केली त्याला गिऱ्हाइकं बरोबर माहीत होती. दुकानात माणूस पहिल्या दहा मिनिटांचंच हुंगतो, म्हणून त्याने दहा मिनिटांचाच सेंट बनवला होता. वर लिंबू, मधे थोडा मोगरा आणि तळाला खोक्यावरची छपाई. म्हातारीची टोपली तंतोतंत खरी निघाली होती.

“दे हिकडं,” धोंडूबाई पायरीवरून म्हणाली. छायाने दोन्ही पट्ट्या दिल्या, कोणती कुठली ते न सांगता. म्हातारीने डोळे मिटून एक हुंगली. “ह्याच्यात काय नाय.” मग दुसरी. ती बराच वेळ नाकाशी धरून बसली. “हा वाळा हाय. ओला नाय, वाळवून ठेवलेली मुळी. आन मागं चंदन. ही माझ्या बाटलीची नाय.”

सोळा वर्षं साहेबांसमोर पट्ट्या हुंगणाऱ्या छायाने इतकं स्वच्छ उत्तर फार थोड्या लोकांकडून ऐकलं होतं. तिला लाज वाटली. साधी नाही, अंग चोरून घ्यावं अशी लाज वाटली.

रूपेशने तिला आतल्या माळ्याच्या जिन्याशी ओढलंच जवळजवळ. “एक अक्षर बोलायचं नाही. म्हातारीचं नाक खराब आहे, तुम्हीच म्हणालात मघाशी. तेच धरून ठेवा.”

“तुम्हाला माहीत होतं, भावजी?”

“डबा तोच, वास तोच, खपतो तोच. सगळी पेठ हेच विकते. तासाभराने कोण हुंगतंय? तुमच्याशिवाय कोणाला वेड लागलंय?” त्याने बोट नाचवलं. “माझ्या दुकानात नकली माल आहे असं तुम्ही त्या बायकांसमोर बोललात, तर आजच्या आज काउंटर खाली. दादाचं नाव सांगून सात वर्षं उभ्या आहात. आता नाव पुरे.”

छाया जिन्याशी उभी राहिली. गप्प राहणं अगदी सोपं होतं. तिचंच वाक्य तयार होतं, मेलेलं नाक. ठाकरवाडीच्या म्हातारीवर कोणी विश्वास ठेवला नसता, आणि पेठेत छायाच्या नाकाचं नाव तसंच राहिलं असतं. काउंटरही राहिला असता. उद्यापासून मात्र तिने कोणत्या तोंडाने कोणाला तासाभराने या म्हणायचं, हे तिला सुचेना.

ती बाहेर आली.

“ऐका सगळ्यांनी,” ती म्हणाली. आवाज सकाळी चढला होता तेवढाच चढवला, कमी नाही. “या आजींचं खरं आहे. या बाटलीला तळच नाही. खोक्यावर लिहिलंय, आत नाही. नवा सगळा माल असाच आहे, मी न तपासता विकला. आजींचं नाक माझ्यापेक्षा शाबूत आहे. चूक माझ्या नाकाची नाही, माझ्या गुर्मीची आहे. ज्यांनी गेल्या महिनाभरात माझ्याकडून नेलाय, त्यांनी परत आणा.”

हातातल्या वस्तू ठेवून दोन बायका निघून गेल्या. रूपेशचा चेहरा लालबुंद झाला. तो मग आवाज खाली ठेवण्याच्या भानगडीत पडला नाही. “निघा! आत्ताच्या आत्ता निघा! भावाच्या बायकोला पोसलं आणि तिने माझ्याच ताटात माती कालवली! उद्या या दारात दिसलात तर हाताला धरून काढीन!” समोरच्या चपलांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघू लागला. रिक्षावाले बघू लागले. छायाने पिशवीत आपल्या पट्ट्या, चिमटे आणि जुन्या नमुन्याची बाटली भरली. एवढंच तिचं स्वतःचं होतं. पिशवी बांधताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला ते थांबवता येईना.

पायरीवर धोंडूबाई अजून होती, टोपली उचलायच्या बेतात. छाया तिच्यापुढे वाकली. “आजी, मी चुकले. सकाळी जे बोलले ते बोलायला नको होतं. ही घ्या, ही खरी आहे. निम्मी आहे, पण आवडीला महिनाभर पुरेल.”

म्हातारीने बाटली घेतली. टोपण काढून एकदा हुंगली, खात्री केली आणि कमरेला खोचली. आभार मानले नाहीत, हसलीही नाही. टोपली डोक्यावर घेऊन ती सरळ उभी राहिली आणि छायाच्या ओल्या तोंडाकडे बघत म्हणाली, “डोळं पूस. तुला आज येका मान्सानं चार लोकांत घालून पाडून बोललं तर पानी आलं. माझी नात ते रोज गिळती आन दुसऱ्या दिशी पुन्ना कामाला जाती. तिला धुराची बोलनारी ती म्याडम येकलीच हाय असं समजत होते मी. सकाळी कळलं, तू पन हायेस.”

ती स्टेशनच्या दिशेने चालू लागली. छायाने बाहीने तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि पायरी उतरली.